वीस मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येते?

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. एवढ्या नियमावर चार मात्रांची ओळ पाच प्रकारे बांधता येते: ल ल ल ल, ल ल गा, ल गा ल, गा ल ल, गा गा. मग वीस मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? एकेक प्रकार लिहीत बसण्याची गरज नाही. ओळीचा शेवट लघूने झाला तर आधीच्या 19 मात्रा हव्या तशा रचता येतात. गुरूने झाला तर आधीच्या 18. म्हणून प्रत्येक संख्या तिच्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते: 1, 2, 3, 5, 8, 13… हेमचंद्राने इ.स. 1150 च्या सुमारास हा नियम सांगितला, आणि विरहांकाला तो त्याच्याही आधी माहीत होता. फिबोनाचीचा प्रसिद्ध ग्रंथ 1202 चा आहे.

बेरजा करत गेलो तर उत्तर मिळतेच. पण मधल्या पायऱ्या गाळून थेट विसाव्या संख्येवर पोहोचायचे असेल, तर हा नियम मॅट्रिक्समध्ये मांडावा लागतो. लगतच्या दोन संख्यांची जोडी घेऊ, नवी आधी आणि जुनी नंतर. या जोडीला पुढच्या जोडीत बदलणारे मॅट्रिक्स असे:

```
M = | 1  1 |
    | 1  0 |
```

वरची ओळ दोघींची बेरीज करते, खालची ओळ नवीला जुनीच्या जागी बसवते. सुरुवात (1, 1) पासून. यातली जुनी 1 म्हणजे शून्य मात्रांची, रिकामी ओळ. विसाव्या संख्येसाठी M एकोणीस वेळा लावायचे, म्हणजे M¹⁹ हवे.

आता जोड्यांकडे नीट पाहू: (1, 1), (2, 1), (3, 2), (5, 3). नव्या-जुन्याचे गुणोत्तर दर वेळी बदलते आहे: 1, 2, 1.5, 1.67. जिचे गुणोत्तर M लावूनही बदलत नाही, फक्त दोन्ही संख्या सारख्याच पटीने वाढतात, अशी एखादी जोडी आहे का? अशी जोडी म्हणजे आयगेनव्हेक्टर, आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. सगळी युक्ती या एका प्रश्नात आहे.

जोडी (x, y) आणि पट λ मानू. खालच्या ओळीवरून x = λy, म्हणजे जोडी (λ, 1) अशीच असणार. ती वरच्या ओळीत घातली की λ + 1 = λ² हे वर्गसमीकरण मिळते. त्याची उत्तरे साधारण 1.618 आणि −0.618. ताळा सोपा आहे: दोन्ही पटींची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे 1 हवी, आणि गुणाकार निश्चयकाइतका, म्हणजे −1. यातले एक जरी जुळले नाही तरी मागे वळून चूक शोधावी.

या दोन जोड्या उभ्या स्तंभांत ठेवून P हे मॅट्रिक्स बनवायचे, आणि दोन पटी कर्णावर व बाकी शून्ये ठेवून D. मग M = PDP⁻¹. हे एकोणीस वेळा गुणताना मधले प्रत्येक P⁻¹P एकमेकांना खाऊन टाकते आणि M¹⁹ = PD¹⁹P⁻¹ एवढेच उरते. कर्णमॅट्रिक्सचा घात म्हणजे कर्णावरच्या संख्यांचा घात, बाकी काही नाही.

आकड्यांत बघू. P⁻¹ चे काम सुरुवातीच्या (1, 1) ला दोन आयगेनव्हेक्टरांत वाटून देणे: पहिल्याच्या वाट्याला 0.7236, दुसऱ्याच्या 0.2764. एकोणीस पायऱ्यांनंतर पहिला भाग 0.7236 × 1.618²⁰ होतो. दुसरा भाग 0.2764 × 0.618²⁰, म्हणजे लाखात दोनच्या आसपास, नसल्यासारखाच. पुढच्या गुणोत्तरांचा 1.618 कडे कल का असतो, तेही यातच दिसते: लहान पट दर पायरीला विरत जाते.

उत्तर 10,946. मात्र इथे दशांश जपावे लागतात. खरोखरच 1.618 एवढेच घेऊन पुढे गेलो तर उत्तर 10,941 च्या आसपास येते, कारण बारीकशी तूट वीस वेळा गुणली जाते. 1.618034 घेतले की पूर्णांक बरोबर सापडतो. मात्रा खूपच वाढल्या तर संगणकाचे नेहमीचे दशांशही अपुरे पडतात. तिथे M चा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असे पूर्णांकांतच गुणत जाणे मला जास्त भरवशाचे वाटते.

आणि प्रत्येक मॅट्रिक्सचे असे कर्णरूप होत नाही. हे पाहा:

```
| 1  1 |
| 0  1 |
```

याची पट दोन्ही वेळा 1 च येते आणि आयगेनव्हेक्टरची दिशा एकच, (1, 0), मिळते. P चा दुसरा स्तंभ भरायला वेगळी दिशाच नाही. पहिलाच पुन्हा लिहिला तर निश्चयक शून्य होतो आणि P⁻¹ अस्तित्वातच नसते. याचे घात थेट गुणून पाहावेत: वरच्या उजव्या कोपऱ्यात 1, 2, 3, 4 असे एकेकाने वाढत जाते, आणि n व्या घाताला तिथे n असतो.