24 माणसं, 18 खुर्च्या

कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आता आठवड्यातून दोन दिवस घरून काम’ असा निरोप पडला, की पहिल्या पाच मिनिटांत अंगठे आणि फुलांचे गुच्छ येतात. प्रश्न त्यानंतर सुरू होतात, आणि तेही ग्रुपवर नव्हे. मला लागू आहे का, शुक्रवार मिळेल का, रिसेप्शनवरच्या ताईंचं काय, हे सगळं जिन्यात, चहाच्या टपरीवर आणि खासगी मेसेजमध्ये विचारलं जातं. प्रत्येकाला कोणीतरी वेगळं उत्तर देतं. आठवडाभरात एकाच नियमाचे चार नियम होतात.

हे टाळायचं तर निरोप लिहिणाऱ्याने आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करावी लागते, ती म्हणजे कारण. बाकीचं सगळं त्या कारणातून निघतं. कारण जाण्यायेण्याच्या त्रासाचं असेल, तर कोणी बुधवारऐवजी शुक्रवारी घरी राहिलं म्हणून काही बिघडत नाही. कारण जागेचं असेल, तर एकाने दिवस बदलला की दुसऱ्याची खुर्ची जाते.

पुण्यातलं 24 जणांचं एक करसल्लागार कार्यालय डोळ्यांसमोर आणू. भाडं वाढतंय म्हणून मालकांनी आतली खोली सोडायचं ठरवलं आहे. खोली गेली की 18 जणांपुरतीच जागा उरते. अशा वेळी निरोपात ‘तुमच्या आरोग्याचा आणि कुटुंबाचा विचार करून’ असं लिहिण्याचा मोह होतो. तसं लिहू नये. महिन्याभरात टेबलं हलताना सगळ्यांना दिसणारच असतात, आणि एकदा कारण खोटं निघालं की पुढच्या प्रत्येक सूचनेमागे माणसं दुसरं कारण शोधायला लागतात. खोली सोडतोय हे सरळ सांगितलं, तर नाराज होणाराही हिशोब समजून घेतो.

हिशोब असा आहे. रोज 6 जणांनी घरी असायला हवं. कामाचे 5 दिवस, म्हणजे आठवड्याला 30 घरचे दिवस वाटायचे आहेत. 9 जणांचं काम जागेवरूनच होतं, म्हणून ते वगळले. उरलेल्या 15 जणांना प्रत्येकी दोन दिवस दिले की बरोबर 30 होतात. पण सोमवार आणि शुक्रवार सगळ्यांनाच हवे असतात, म्हणून तिघांचे पाच गट करायचे: पहिला सोम-मंगळ, दुसरा मंगळ-बुध, तिसरा बुध-गुरु, चौथा गुरु-शुक्र, पाचवा शुक्र-सोम. रोज दोन गट, म्हणजे 6 जण घरी राहतात. दर महिन्याला गट एक घर पुढे सरकले की शुक्रवार फिरत राहतो आणि कोणाच्याच मालकीचा होत नाही.

आता अपवाद. निरोप सगळ्यांत काळजीपूर्वक वाचतात ते वगळलेले 9 जण. त्यांची नावं लिहून ‘यांना लागू नाही’ म्हणणं म्हणजे चारचौघांत एकेकाला बाजूला उभं करणं. तिथे माणसाऐवजी काम लिहावं: रिसेप्शन, कागदपत्रांची आवक-जावक, आणि शिकायला आलेली आर्टिकलची मुलं, कारण शेजारी बसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही. कामावर बेतलेला अपवाद माणूस बदलला तरी टिकतो. शिवाय वगळलेल्यांना काय मिळणार, हे त्याच निरोपात हवं. महिन्यातून एक दिवस दोन तास लवकर सुटण्याची मुभा असेल, तर ती आधी मालकांकडून पक्की करून घ्यावी आणि तिथेच लिहावी. ‘त्याचं नंतर बघू’ हे वाक्य वगळलेल्या माणसाच्या मनात वर्षभर राहतं.

काही अपवाद माणसांचे नसून वस्तूंचे असतात, आणि तेच हमखास विसरले जातात. कंपन्यांची जीएसटी विवरणपत्रं भरताना डिजिटल सही लागते. ती सही पेन ड्राइव्हसारख्या छोट्या टोकनमध्ये असते आणि टोकन कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. घरी बसलेल्या माणसाने आकडे कितीही चोख जुळवले तरी टोकनशिवाय विवरणपत्र जात नाही. ते टोकन बॅगेत घालून घरी न्यायची परवानगी देणं म्हणजे ग्राहकाची सही रस्त्यावर फिरवणं. म्हणून निरोपात सरळ लिहावं, टोकन बाहेर जाणार नाही.

तारखांचे अपवादही आहेतच. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेला असते आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारखेला. इथे ‘मुदतीच्या दिवशी सगळ्यांनी यावं’ असं लिहून टाकणं सोपं वाटतं, पण 18 खुर्च्यांत 24 माणसं बसणार कुठे? अपवाद मूळ कारणावरच उलटतो तो असा. म्हणून मुदतीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी फक्त जीएसटीच्या कामावरचे येतील, आणि जितके जादा येतील तितके दुसऱ्या कामांवरचे घरी राहतील.

सुरुवातीची तारीख निवडतानाही हाच विचार लागतो. 31 जुलै ही पगारदारांच्या आयकर विवरणपत्रांची मुदत. त्याआधी नवी घडी बसवायला गेलं तर पहिल्याच आठवड्यात ती मोडेल. 2026 साली 1 ऑगस्टला शनिवार आहे. त्या दिवशी टेबलं हलवली तर सोमवार, 3 ऑगस्टपासून सुरू करता येतं, आणि 11 तारखेच्या मुदतीआधी एक पूर्ण आठवडा हाताशी राहतो. निरोपात वार आणि तारीख दोन्ही हव्यात. ‘येत्या सोमवारपासून’ हे शब्द गुरुवारी वाचणाऱ्याला एक दिवस सांगतात, आणि रजेवरून परतून पुढच्या मंगळवारी वाचणाऱ्याला दुसराच.

एवढं ठरलं की निरोप लिहायला दहा मिनिटं पुरतात:

‘सोमवार, 3 ऑगस्ट 2026 पासून आपल्यापैकी 15 जण आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतील. कोणाचे कोणते दिवस ते सोबतच्या तक्त्यात आहे. भाडं वाढल्यामुळे आपण आतली खोली 31 जुलैला सोडतो आहोत, त्यामुळे 18 जागा उरतील. रिसेप्शन, आवक-जावक आणि आर्टिकल यांचं काम जागेवरच राहील. त्यांना महिन्यातून एक दिवस दोन तास लवकर निघता येईल. 10, 11, 19 आणि 20 तारखांना जीएसटीचे सहकारी कार्यालयात येतील, त्यांच्या बदली कोण घरी राहील ते आदल्या शुक्रवारी कळवू. डिजिटल सहीचे टोकन बाहेर जाणार नाहीत. घरचा दिवस सुट्टीत गेला तर बदली दिवस मिळणार नाही. घरून काम जमणार नसेल तर 22 जुलैपर्यंत मला एकट्याला कळवा.’

शेवटचं वाक्य गाळू नये. दोन खोल्यांच्या घरात आजारी सासरे आणि दहावीचा मुलगा असलेली बाई ग्रुपवर ते कधीच लिहिणार नाही. तिला रोज यायचं असेल, तर तिचे दोन दिवस आनंदाने घेणारं कोणीतरी त्या 15 जणांतच सापडतं. सुट्टीचं वाक्यही कामाचं आहे. 14 सप्टेंबरला, सोमवारी, गणेश चतुर्थी आहे, आणि सोमवार घरी असलेले 6 जण मंगळवारी बदली दिवस मागणार हे उघड आहे.

व्हॉट्सॲपच्या खोडीही सांभाळाव्या लागतात. लांब मेसेज Read more पाशी तुटतो आणि बरेच जण तिथेच थांबतात, म्हणून तारीख पहिल्या ओळीत हवी. पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर चूक दिसली तर पूर्ण निरोप नव्याने टाकावा आणि जुना सगळ्यांसाठी पुसावा, नाहीतर दोन्ही फिरत राहतात. मेसेज 30 दिवसांपर्यंत पिन करता येतो. पाठवणाऱ्याला मेसेजच्या माहितीत कोणी वाचलं ते दिसतं. दोन दिवसांनंतरही ज्यांची नावं तिथे नाहीत, त्यांना फोन करावा. कार्यालयात साफसफाई करणाऱ्या मावशी बहुधा ग्रुपमध्येच नसतात. खोली कमी झाल्याने त्यांचं कामही बदलणार आहे, म्हणून त्यांना समोर बसवून सांगावं, तेही ग्रुपवर निरोप टाकण्याच्या आधी.