मूल कोणाच्या ताब्यात दिलं?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात त्याच काळात शंभर मिलिमीटरही पडला नाही. फोर्टातल्या कचेरीत बसलेल्या आईला खिडकीतून नेहमीचा पाऊस दिसत होता आणि उपनगरातल्या तिच्या मुलाच्या शाळेला पाण्याने वेढा घातला होता. दुपारनंतर लोकल थांबल्या, फोन लागेनात. कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेतच काढली.

शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायला बसताना हा दिवस आठवावा. कारण बहुतेक आराखडे आग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात: घंटा झाली की सगळ्यांनी मैदानात. पुरात नेमकं याच्या उलट करायचं असतं, मुलांना वरच्या मजल्यावर न्यायचं आणि फाटकातून बाहेर सोडायचं नाही. भूकंपात हादरे थांबेपर्यंत बाकाखाली डोकं झाकून राहायचं, मगच बाहेर पडायचं. त्यामुळे इशारेही वेगवेगळे हवेत आणि ते विजेच्या घंटेवर अवलंबून नकोत. टोल द्यायची पितळी घंटा आणि शिट्टी दोन्ही हाताशी ठेवावीत.

कामं नावावर नव्हे, पदावर वाटावीत आणि प्रत्येकाला बदली माणूस नेमावा. मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीला गेलेले असताना निर्णय कोणी घ्यायचा, हे कागदावर हवं. शिपाई विजेचा मुख्य स्विच बंद करील, पोषण आहाराच्या खोलीतला गॅस बंद करायचं काम मदतनीस बाईंकडे राहील. प्रत्येक मजल्यावर एक शिक्षक सर्वांत शेवटी निघेल, तोही स्वच्छतागृहं बघून. लिपिकाने पालकांच्या नंबरांची छापील यादी उचलायची. ती संगणकात असून उपयोग नाही, वीज सगळ्यांत आधी जाते.

रंगीत तालीम ठरल्या दिवशी, परिपाठानंतर, पाहुण्यांसमोर घेतली की ती स्नेहसंमेलनासारखी होते आणि छान पार पडते. खरी तालीम मधल्या सुट्टीत, कोणाला न सांगता, एक जिना दोरी लावून बंद करून घ्यावी. मग काय होतं बघा. समजा सातवी ‘ब’चे वर्गशिक्षक मैदानात मुलं मोजतात. सकाळच्या हजेरीत ३८, रांगेत ३७. कोणी म्हणतं तो पाणी प्यायला गेला होता, कोणी म्हणतं गॅलरीत दिसला. दोन शिक्षक पुन्हा इमारतीत शिरतात. आग खरी असती तर तिघांचा जीव टांगणीला. दहा मिनिटांनी कळतं की त्याचे आजोबा अकरालाच त्याला दवाखान्यात घेऊन गेले होते. अर्ध्या रजेचा अर्ज कार्यालयात होता, वर्गाच्या हजेरीत नोंद नव्हती. मैदानात किती मिनिटांत पोहोचलो याचंच कौतुक होतं, पण तालमीने पकडायच्या चुका या अशा असतात. उपाय साधा: मूल मध्येच गेलं की वर्गाच्या हजेरीपत्रकातही वेळ लिहायची.

आता पालक. वर्गात चाळीस मुलं असतील तर वर्गशिक्षकांनी सगळ्यांना फोन करत बसू नये. त्यांनी पाच पालकांना कळवायचं, त्या प्रत्येकाने पुढे सात जणांना, आणि साखळीतल्या शेवटच्या पालकाने निरोप पोहोचल्याचं शिक्षकांना उलट कळवायचं. हा उलटा निरोप नसेल तर साखळी कुठे तुटली ते समजत नाही. फोन लागत नसतानाही कधीकधी एसएमएस जातो. व्हॉट्सॲप गटावर त्या दिवसापुरतं फक्त शाळेनेच लिहावं, नाहीतर ‘फॉरवर्ड’च्या ढिगात खरा निरोप गाडला जातो. मजकूर आधीच ठरवून ठेवावा: ‘मुलं दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित आहेत. पाणी ओसरेपर्यंत घ्यायला निघू नका. पुढचा निरोप ५ वाजता.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, आणि पाच वाजता सांगण्यासारखं काही नसलं तरी निरोप जायलाच हवा. गप्प बसलेल्या शाळेकडे पालक धावत सुटतात.

ताब्यात देताना मात्र घाई नको. जूनमध्येच प्रत्येक पालकाकडून तीन नावं घ्यावीत, त्यांतलं एक शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावरचं. फाटकावर गर्दी झाली की ‘मी याचा काका’ म्हणणारा कोणीही येतो आणि भेदरलेलं मूल मान डोलावतं. यादीत नाव, हातात ओळखपत्र, वहीत वेळ आणि सही, एवढं झाल्याशिवाय मूल सोडू नये, मग काका कितीही चिडोत. वडील नंतर दुसऱ्या वाटेने पोहोचले तर त्यांना दाखवायला ती वहीच असते. दम्याचं किंवा फिटचं औषध लागणाऱ्या मुलांची यादी तिच्यातच शेवटच्या पानावर लावावी. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एक चाचणी निरोप पाठवावा: जूनमध्ये दिलेले काही नंबर तोवर बंद पडलेले असतात.