फोटोवरून फुलदाणीचं माप कसं काढायचं?

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी हिशोब लिहून मागितला, म्हणून इथे देतोय.

माझं दुकान नांदेडला. लातूरच्या एका ताईंना लग्नासाठी ३० काचेच्या फुलदाण्या रंगीत वाळूने भरून हव्या होत्या. फुलदाण्या त्यांच्याकडे, वाळूचा भाव मला द्यायचा. मी म्हटलं, मापाच्या कपाने पाणी ओता, दर कपानंतर फोटो पाठवा. फुलदाणीला पट्टी टेकवून ठेवा. चार फोटो आले आणि ताईंनी फुलदाणी परत खोक्यात भरली! आता वरचा भाग अंदाजानेच काढायचा होता.

कप २५० मिलीचा. बाजारात २४० चेही मिळतात, म्हणून त्यात मावणारं पाणी वजनकाट्यावर तोलून घ्या. २५० ग्रॅम पाणी म्हणजे २५० मिली. घरातला चहाचा कप चालत नाही.

तिसऱ्या कपानंतर पाणी ७.२ सेंमीवर होतं, चौथ्यानंतर ९ वर. म्हणजे २५० मिलीने १.८ सेंमी चढलं. २५० भागिले १.८, साधारण १३९. हे त्या उंचीवरचं आतलं क्षेत्रफळ, चौरस सेंमीत. आकार कितीही वेडावाकडा असो, हा आकडा पाण्यानेच दिला. १३९ ला ३.१४ ने भागून वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, आतली रुंदी १३.३ येते. फोटोत बाहेरून १४ दिसत होती. फरक ०.७, तो दोन्ही बाजूंच्या काचेचा. आता वर प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या रुंदीतून ०.७ वजा करायचे.

फुलदाणी २० सेंमी उंच. ९ ते १२ पर्यंत रुंदी तेवढीच, म्हणून १३९ गुणिले ३, म्हणजे ४१७ मिली. पुढच्या ३ सेंमीत मधोमध रुंदी १२, आतून ११.३. त्यावरून क्षेत्रफळ १००, म्हणून ३०० मिली. तसंच पुढच्या ३ सेंमीत १६२ आणि मानेच्या शेवटच्या २ सेंमीत ६२. खालचे चार कप १००० मिली धरून एकूण साधारण १९४०.

मी घाईत सरळ डबा समजून १३९ गुणिले २० केलं असतं, तर २७८० आलं असतं. एका नगाला ८४० मिली जास्त, ३० नगांना २५ लिटर. कोरडी वाळू लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते, म्हणजे जवळपास ४० किलोचा भाव उगाच लावला असता. ऑर्डर गेलीच असती.

फोटो चुकला की सगळं चुकतं. मोबाईल पाण्याच्या पातळीला, पाच-सहा फूट लांब ठेवून झूम करा. पाण्याची रेघ सरळ दिसली पाहिजे. ती डोळ्यासारखी लांबट गोल दिसली, तर फोटो वरून काढलाय, परत मागवा. रुंदी काचेच्या बाहेरच्या कडांवरूनच मोजा, कारण पाणी आतलं सगळं फुगवून दाखवतं.

फुलदाणी चपटी असेल तर बाजूनेही एक फोटो लागतो. रुंदी आणि खोली, दोन्ही किती प्रमाणात घटल्या ते १३९ ला गुणायचं. बिदरची बिदरी फुलदाणी धातूची, आतलं पाणी दिसतच नाही. तिथे काडी बुडवून ओली खूण पट्टीवर मोजा आणि त्या काडीचा फोटो मागवा.

आणि फुलदाणी तुमच्याच हातात असेल, तर हे काही करू नका. काठोकाठ भरा आणि कप मोजा.