निवडपूर्व लेखी प्रश्नांची उत्तरे

नोकरीसाठी अर्ज केल्यानंतर मुलाखतीपूर्वी काही संस्था उमेदवाराला लेखी प्रश्न पाठवतात. तुमची बलस्थाने कोणती, पुढील उद्दिष्टे काय आणि या पदात रस का, हे त्यांपैकी नेहमीचे तीन प्रश्न होत. निवड करणारी व्यक्ती एका बैठकीत अनेकांची उत्तरे वाचते आणि ती जाहिरातीतील अपेक्षांशी ताडून पाहते. म्हणून शब्दमर्यादा दिलेली नसल्यास प्रत्येक उत्तर पन्नास-साठ शब्दांत आटोपावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका प्रकाशनसंस्थेला मुद्रितशोधक हवा आहे. अर्जदार महिला औषधांच्या दुकानात नोकरी करून बी.ए. करीत आहे.

बलस्थाने : 'मी मेहनती व जबाबदार आहे' हे कोणीही लिहू शकतो, त्यातून काहीच पडताळता येत नाही. त्याऐवजी तिने असे लिहावे : 'चार वर्षे मी औषधांच्या पावत्या तपासते. नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख पेटीवरील मजकुराशी अक्षरशः जुळवणे हे माझे रोजचे काम आहे. मराठी टंकलेखनाची ३० शब्द प्रतिमिनिट ही परीक्षा मी उत्तीर्ण आहे. मुद्रितशोधनाचा प्रत्यक्ष अनुभव मात्र नाही.' मूळ प्रतीशी मुद्रित ताडून पाहणे हेच मुद्रितशोधकाचे काम असल्याने येथे जुना अनुभव नव्या कामाशी जोडला जातो. शेवटचे वाक्य उणीव मान्य करते. ती मुलाखतीत उघड होण्यापेक्षा येथेच सांगितलेली बरी.

उद्दिष्टे : येथे दूरचे स्वप्न नको, पदाशी जुळणारे पुढचे पाऊल हवे. 'दोन वर्षांत संपूर्ण पुस्तकाचे मुद्रितशोधन स्वतंत्रपणे करता यावे, अशी इच्छा आहे. पदवी परीक्षेसाठी दरवर्षी सुमारे दहा दिवस रजा लागेल.' खाजगी गोष्टी सांगण्याचे बंधन नाही. परंतु कामावर परिणाम करणारी बाब लपवू नये.

पदातील रस : 'आपली नामवंत संस्था' ही स्तुती निरुपयोगी ठरते. 'आपली बालपुस्तके मी मुलीला वाचून दाखवते. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूकही नव्या वाचकाला अडखळवते, हे तेव्हा जाणवले' हे उत्तर खरे असेल, तरच लिहावे. पुस्तके वाचलेली नसल्यास कामातील कोणता भाग आवडतो, एवढेच सांगावे.

उत्तरे पाठवण्यापूर्वी दोन कसोट्या लावा. संस्थेचे नाव बदलूनही तिसरे उत्तर जसेच्या तसे चालत असेल, तर ते पुन्हा लिहा. तसेच प्रत्येक वाक्यावर मुलाखतीत 'उदाहरण द्या' असे विचारल्यास सांगण्यासारखे काही नसेल, तर ते वाक्य गाळा.

स्वयं-अध्ययन : एक जाहिरात निवडा, तिच्यातील तीन अपेक्षा अधोरेखित करा आणि त्यांपैकी एकीसाठी बलस्थानांचे उत्तर साठ शब्दांत लिहा.