सोळा ओळी, चार कप्पे

सकाळी साडेसहा. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची गर्दी असते, तरी ओळी मला तिथंच सुचतात. उद्याच्या परिपाठात आठवी 'ब' हृदयाची कविता म्हणणार आहे. अष्टाक्षरी निवडली, कारण आठ अक्षरं एका श्वासात बसतात आणि मुलं अडखळत नाहीत. घरी येऊन चहा होईतो वहीत उतरवली:

अंगभर फिरलेले
रक्त परतून येते
दोन महाशिरांतून
उजव्या अलिंदी जाते

त्रिदलाच्या दारातून
उतरते निलयात
फुप्फुसाच्या धमनीने
जाते मग फुप्फुसांत

ऑक्सिजन तिथे मिळे
शिरा चार आणतात
डाव्या अलिंदी, मग ते
द्विदलाने निलयात

जाड भिंत डावी दाबे
महाधमनी भरते
डोक्यापासून पायांच्या
बोटांपर्यंत फिरते

काव्य म्हणून बेतास बात. पण क्रम चोख आहे.

साडेअकरा, दुसरा तास. फळ्यावर आकृती काढली आणि नेहमीचा गोंधळ झाला. आकृतीतलं हृदय आपल्याकडे तोंड करून असतं, म्हणून उजवं अलिंद फळ्यावर डाव्या हाताला येतं. एका मुलाला आकृतीसारखं वर्गाकडे तोंड करून उभं केलं आणि त्याच्या सदऱ्यावर खडूनं 'उ' आणि 'डा' लिहिलं, तेव्हा प्रश्न मिटला.

दुसरी अडचण आठव्या ओळीआधीच आली. "सर, धमनीत तर शुद्ध रक्त असतंय की! मग फुप्फुसाकडं अशुद्ध कसं चाललंय?" मागच्या बाकावरच्या मुलीनं बरोबर पकडलं. हृदयाकडून निघते ती धमनी आणि हृदयाकडे येते ती शीर. नाव दिशेवरून पडलंय, आतल्या मालावरून नव्हे. म्हणून फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि त्या चार शिरांत भरपूर असलेलं. पुस्तकातला निळा रंगही निव्वळ ओळखीपुरता. रक्त दोन्हीकडे लालच, एकीकडे गडद आणि एकीकडे तेजस्वी.

दीड, मधली सुट्टी. डबा खाता खाता फळ्याच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५,०४० मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाच लिटर. अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच. तेव्हा कविता मिनिटभरात म्हणून झाली, की सगळ्या रक्ताएवढं रक्त हृदयातून एकदा गेलेलं असतं.

पावणेतीन, मैदान. फक्कीनं चार मोठे चौकोन आखले. एका पोरानं घरून हलगी आणली होती. कोल्हापुरात ती मागावी लागत नाही. त्यानं सारख्या अंतरानं ठेका धरला, तो थांबवला. 'लब' म्हणजे त्रिदल आणि द्विदल झडपा मिटल्याचा आवाज, 'डब' म्हणजे दोन्ही धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्याचा. लबनंतर डब लवकर येतो, मग जरा जास्त विसावा. दोन थापा जवळजवळ आणि मग मोकळी जागा, असा ठेका त्याला दोनदा वाजवून दाखवावा लागला. मग मात्र त्यानं सोडला नाही.

साडेतीन. आता खरी गोम. कविता एका थेंबामागं धावते: आधी उजवं, मग फुप्फुस, मग डावं. त्यामुळं पाठ करणाऱ्याला वाटतं, की उजवी बाजू काम करते तेव्हा डावी वाट बघत बसते. तसं नसतं. दोन्ही अलिंदं एकदम आकुंचन पावतात, पाठोपाठ दोन्ही निलयं एकदम. मध्येच थांबवून विचारलं, "उजवं निलय दाबतंय, तर डावं काय करतंय?" अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं, "भरतंय." चूक. तेही त्याच क्षणी महाधमनीत रक्त ढकलत असतं. फक्त त्याला अख्ख्या अंगभर पोहोचवायचं असतं, म्हणून त्याची भिंत जवळपास तिप्पट जाड. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच धाडायचं असतं.

मग वर्गाचे दोन गट केले. एक गट पहिली दोन कडवी म्हणणार, दुसरा त्याच वेळी शेवटची दोन, दोघांना हलगी एकच. पहिल्यांदा नुसता कालवा झाला. पुढच्या खेपेला प्रत्येक गटानं आपल्या चौकोनात उभं राहून 'लब'ला एकत्र पाऊल आपटलं, तेव्हा जमलं. हा कालवा मला एकसुरी पाठांतरापेक्षा जास्त पटतो, कारण हृदयात असंच चाललेलं असतं.

पाच वाजता शाळा सुटली. उद्या आधी सगळे मिळून सरळ म्हणतील, मग दोन गटांत. कुणी शिक्षक ही कविता आपल्या वर्गात घेणार असतील, तर दुसरी फेरी गाळू नका. आणि मुलं रंगात आली की मध्येच थांबवून डाव्या निलयाबद्दल जरूर विचारा.