समुपदेशक व्हायचे आहे? आधी नोंदणी क्रमांक विचारा

गेल्या वर्षी बारावी आणि पदवीचे निकाल लागले, तेव्हा वस्तीतल्या विहारात आम्ही मार्गदर्शनासाठी बसलो होतो. परभणीकडून आलेले एक मिस्त्रीकाम करणारे बाबा मुलीला घेऊन आले. "जय भीम सिस्टर. हिने समुपदेशनाचा डिप्लोमा केलाय. दवाखान्यात लावून द्या," म्हणाले. पिशवीतून त्यांनी प्रमाणपत्र काढले. सोनेरी किनार, मोठा शिक्का, कोर्सच्या नावात 'क्लिनिकल' हा शब्द. वर्षभर शनिवार-रविवार वर्ग झाले होते आणि ४५ हजार रुपये भरले होते. मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, हुशार, बोलायला मोकळी.

आम्ही प्रमाणपत्र उलटेपालटे करून पाहिले. आमच्या नर्सिंगच्या डिप्लोम्यानंतर आम्हाला परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळतो. तो नसेल तर वॉर्डात उभे करत नाहीत. या कागदावर संस्थेचा अनुक्रमांक होता, पण कोणत्याही परिषदेचा उल्लेख नव्हता. त्या कागदावर कोणतेही सरकारी रुग्णालय तिला घेणार नव्हते. हे त्या बाबांना सांगताना आमचाच घसा कोरडा पडला.

मन आणि समाज यांच्याशी संबंधित कामांत तीन वेगवेगळे रस्ते आहेत आणि तिन्हींना लोक सरसकट 'समुपदेशन' म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला रस्ता चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा. हे नाव कायद्याने बांधलेले आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार या कामासाठी परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. नोंदणीशिवाय काम केल्यास शिक्षेची तरतूद आहे. नुसते एम.ए. मानसशास्त्र करून हा हुद्दा लावता येत नाही. आजवरची वाट अशी होती: एम.ए., त्यानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., आणि मग नोंदणी. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकृती समाजकार्य या दोन विषयांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. आता परिषदेच्या मान्यतेचे दोन वर्षांचे एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी सुरू होत आहे.

नेमका इथेच नवा खड्डा आहे. 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' याच नावाचे अभ्यासक्रम कितीतरी महाविद्यालये आधीपासून चालवत आली आहेत, आणि त्यांना परिषदेची मान्यता असेलच असे नाही. पदवीवर नाव तेच छापलेले असते, पण एकीला नोंदणी मिळते आणि दुसरीला मिळत नाही. म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नका. rehabcouncil.nic.in या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. तिथे त्या संस्थेचे नाव, तोच अभ्यासक्रम आणि तुमच्या प्रवेशाचे वर्ष या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. संस्थेची मान्यता दुसऱ्याच कोर्सला असते आणि जाहिरातीत मात्र ती सरसकट छापतात, असे आम्ही पाहिले आहे.

या रस्त्यावर जागा फार थोड्या. बंगळुरूचे निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय मनोरोग संस्था अशा सरकारी संस्थांत फी आवाक्यात असते, पण चुरस देशभरातली. खासगी संस्थांत फी लाखांच्या घरात जाते. नोंदणी झालेल्याला मोठ्या शहरातल्या रुग्णालयात सुरुवातीला पस्तीस-चाळीस हजार मिळताना आम्ही पाहिले आहे. पाच-सहा वर्षांनी स्वतःची प्रॅक्टिस जमली तर ते वाढते. पण बारावीनंतर सहा-सात वर्षे घरात पगार येणार नाही, हे आधी धरून चालावे लागते.

दुसरा रस्ता समुपदेशकाचा. 'समुपदेशक' हे नाव आजवर कोणीही लावत आले आहे, कारण ते अडवणारी नोंदवहीच नव्हती. आठवड्याभराच्या शिबिराचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचे एम.ए. दारावरच्या पाटीवर सारखेच दिसते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्यकर्ते यांना एका छत्राखाली आणून त्यांच्या नोंदवहीची तरतूद केली आहे. त्याचा पहिला मोठा परिणाम आपल्या घरांवर झाला. या कायद्याखाली येणारे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे अनुदान आयोगाने २०२५ मध्ये विद्यापीठांना कळवले. नोकरी आणि लेकरे सांभाळून पत्राने एम.ए. करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी होत्या. नव्याने तसा प्रवेश घेण्याआधी कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. विद्यापीठाकडून त्या वर्षाची मान्यता लेखी मागा.

समुपदेशकाच्या सरकारी जागा आहेत, पण बहुतेक कंत्राटी. एचआयव्ही तपासणी केंद्रात, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये, टेलिमानसच्या १४४१६ या मदतवाहिनीवर अशी कामे मिळतात. आदेश अकरा महिन्यांचा, मग एक-दोन दिवसांचा खंड आणि पुन्हा आदेश. मानधन वीस हजारांच्या आसपास फिरत राहते. अनुभव वाढतो, मानधन त्या वेगाने वाढत नाही. जाहिरातीत पात्रता बहुधा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किंवा एम.एस.डब्ल्यू. अशी असते. शनिवार-रविवारचा डिप्लोमा त्यात बसत नाही.

"मग स्वतःची खोली घेऊन बसले तर?" त्या मुलीने विचारले. आम्ही तिच्यासमोर वहीत हिशोब मांडला. एका भेटीचे ५०० रुपये, दिवसाला चार भेटी, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे महिन्याला ८० भेटी. ठरलेली माणसे चारात एक येतच नाहीत, म्हणून ६० धरा. ३० हजार झाले. खोलीचे भाडे ८ हजार, वीज-फोन २ हजार, आणि ज्येष्ठ समुपदेशकाकडे महिन्यातून दोनदा आपली प्रकरणे तपासून घेण्याचे २ हजार. हातात उरले १८ हजार, आणि तेही रोज चार माणसे ठरलेली असतील तर. जिल्ह्याच्या गावात तितकी माणसे जमायला दोन-तीन वर्षे जातात. तो २ हजारांचा खर्च वाचवायचा मोह होतो, पण तो वाचवू नये. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा माणूस समोर बसला, की कुणाला विचारायचे हे आधीच ठरलेले असावे लागते.

तिसरा रस्ता समाजकार्याचा. खिसा बेताचा असलेल्या घरासाठी हा रस्ता आम्हाला सर्वांत भक्कम वाटतो. बी.एस.डब्ल्यू. केले नसले तरी कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू. करता येते. त्यात वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्य असा विशेष विषय घेता येतो. आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असते: रुग्णालयात, पोलीस ठाण्याच्या महिला कक्षात किंवा वस्तीत. भेटीची नोंद लिहायची आणि मार्गदर्शकाची सही घ्यायची. मुले ही वही कंटाळ्याने लिहितात. पण उद्या नोंदणीसाठी प्रत्यक्ष कामाचे तास दाखवायची वेळ आली, तर हीच वही पुरावा असेल. ती रद्दीत घालू नका.

हे काम म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्या खाटेपर्यंत रुग्णाला पोहोचवणारा माणूस म्हणजे तिथला वैद्यकीय समाजसेवक. कागद जमवणे, फुले जन आरोग्य योजनेत प्रकरण बसवणे, घरच्यांना समजावणे हे सगळे त्याच्याकडे असते. आम्ही वॉर्डात असताना डॉक्टरांच्या आधी नातेवाईक यांनाच शोधत यायचे.

पगाराचे खरे चित्र असे. संस्थेत सुरुवात पंधरा-सोळा हजारांवर, कंत्राटी सरकारी कामात वीसच्या पुढे, धर्मादाय रुग्णालयात चार-पाच वर्षांनी तीस हजारांपर्यंत. मोठी उडी एकच असते. ती म्हणजे शासनाच्या रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे कायम पद. तिथे वेतनश्रेणी लागते आणि पगार पन्नास हजारांच्या पुढे जातो. जागा थोड्या निघतात, परीक्षा असते, जाहिरातीची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागते. तोवर कंत्राटी काम करत वयोमर्यादेवर लक्ष ठेवायचे. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'मनोविकृती समाजकार्यकर्ता' या नावासाठी एम.एस.डब्ल्यू.च्या पुढचे दोन वर्षांचे एम.फिल. धरलेले आहे. नुसत्या एम.एस.डब्ल्यू.वर ते नाव लावू नये.

खर्चाचे म्हणाल तर इथे आपल्या मुलांना आधार आहे. मान्यताप्राप्त एम.एस.डब्ल्यू.ला अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर येतात. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार आणि इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्या खासगी डिप्लोम्याला यातले काहीच लागू नव्हते, म्हणून बाबांना ४५ हजार खिशातून भरावे लागले.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा निम्हान्ससारख्या केंद्रीय ठिकाणी अर्ज करायचा असेल, तर राज्याचा नवबौद्ध दाखला पुरत नाही. बौद्धांना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. तो तहसीलमधून हाती यायला वेळ लागतो आणि अर्जाची तारीख थांबत नाही.

ती मुलगी यंदा एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यासाठी तिला जिल्हा रुग्णालय मिळाले आहे. परवा तिने वही दाखवायला आणली. पहिल्या तीन भेटींवर मार्गदर्शकाची सही नव्हती. आधी ती घेऊन ये, म्हणून आम्ही तिला परत पाठवले.