पाठ टाचण शेवटाकडून वाचावे

डी.एल.एड.च्या छात्राध्यापिकेचे पाचवीच्या गणिताचे एक टाचण घेऊ. उद्दिष्ट लिहिले आहे, ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजतील.’ कृतीत शिक्षिका कागदाची पट्टी दुमडून दाखवते. मूल्यमापनात प्रश्न आहे, ‘अपूर्णांकाची व्याख्या सांगा.’

मी आधी मूल्यमापन वाचते, कारण गफलत तिथे लगेच दिसते. व्याख्या पाठ केलेले मूलही १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणू शकते, कारण चार तीनपेक्षा मोठे. या गैरसमजाला टाचणात कुठेच हात लागलेला नाही.

‘समजतील’ हे डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी ‘अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांतील मोठा ओळखतो व कारण सांगतो’ असे लिहिले, की पुढचे आपोआप ठरते. पट्ट्या मुलांच्याच हातात हव्यात. एकीचे तीन, दुसरीचे चार समान भाग करून त्यांनी एकेक भाग शेजारी ठेवावा. दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या हव्यात, हे टाचणात लिहिलेलेच असावे. नाहीतर १/४ चा भाग मोठा दिसू शकतो आणि कृती चुकीचेच शिकवते.

शेवटी वर्गात न हाताळलेली जोडी द्यावी: १/६ आणि १/८. नुसते उत्तर पुरेसे नाही, दोनांतले एक अंदाजानेही बरोबर येते. ‘जास्त भाग केले, म्हणून प्रत्येक भाग लहान’ असे कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत दिले, तर उद्दिष्ट गाठले. २/३ आणि ३/४ यांची तुलना मात्र इथे विचारू नये. तिथे अंश वेगळे आहेत, तो पुढचा पाठ.